समजून घ्या : कापसाच्या काटापट्टीवर वरचे नाव विकणाऱ्याचे नसते, मग एआयला ती वाचायला कशी शिकवायची?

झरी जामणी, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात कापसाचा हंगाम सुरू झाला की घरोघरी एक कागद जमा होतो. जिनिंगवर किंवा खेडा खरेदीत मिळालेली काटापट्टी. कुठे छापील, कुठे हाताने लिहिलेली, कुठे वजनकाट्याच्या पावतीच्या मागेच हिशोब मांडलेला. शेतकरी उत्पादक कंपन्या किंवा हिशोबनीस अशा शेकडो पट्ट्यांचे फोटो काढून चित्र वाचणाऱ्या एआय मॉडेलला, म्हणजे व्हिजन मॉडेलला देऊ शकतात. मॉडेल अक्षरे बरीचशी ओळखते. अडते ते कोणता आकडा कोणत्या रकान्यात टाकायचा यावर. त्यासाठी दोन गोष्टी लिहून द्याव्या लागतात : प्रत्येक रकान्याची व्याख्या आणि सोडवून दाखवलेली उदाहरणे.

विक्रेता कोण?

किराणा दुकानाच्या बिलावर सर्वांत वर, ठळक अक्षरांत विकणाऱ्याचे नाव असते. मॉडेलने अशीच लाखो बिले पाहिलेली असतात. कापसाच्या पट्टीवर मात्र उलटे असते. वर जिनिंगचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक असतो आणि ती जिनिंग खरेदीदार असते. माल विकणारा शेतकरी खाली ‘नाव’ या शब्दापुढे पेनाने लिहिलेला असतो.

याला कायद्याचीही बाजू आहे. नोंदणीकृत व्यापारी शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतो तेव्हा जीएसटी भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते. हा नियम १५ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यामुळे बिलही खरेदीदारच तयार करतो.

म्हणून ‘विक्रेत्याचे नाव लिही’ एवढी सूचना पुरत नाही. व्याख्या अशी हवी : ‘विक्रेता म्हणजे ज्याचा माल काट्यावर आला आणि ज्याला पैसे मिळणार तो. शीर्षभागातील नाव विक्रेत्याचे समजू नये. नाव वाचता येत नसेल तर रकाना कोरा ठेवावा.’ यातले शेवटचे वाक्य विसरू नका. ते नसेल तर मॉडेल रिकामी जागा भरण्यासाठी जिनिंगचेच नाव उचलते.

‘१२-५’ म्हणजे किती?

पट्टीवर वजन ‘१२-४५’ असे लिहितात. आडव्या रेघेआधी क्विंटल, नंतर किलो. म्हणजे १२ क्विंटल ४५ किलो, अर्थात १२.४५ क्विंटल. इथवर ठीक. पण कुणी ‘१२-५’ लिहिले तर ते १२ क्विंटल ५ किलो, म्हणजे १२.०५. मॉडेल मात्र रेघेला दशांश चिन्ह समजून १२.५ लिहू शकते. एका रेघेच्या अर्थाने ४५ किलोंचा फरक पडतो.

यावर उपाय म्हणजे एका वजनासाठी दोन रकाने ठेवणे. पहिल्यात कागदावर जसे लिहिले तसेच, दुसऱ्यात त्याचे क्विंटलमधले रूप. पुढे वाद झाला तर चूक वाचनात झाली की रूपांतरात, हे लगेच कळते.

कपात आणि उचल

तिसरी अडचण पैशांच्या खालच्या ओळींत असते. हमाली आणि तोलाई हा खर्च आहे. ‘उचल’ मात्र शेतकऱ्याने आधीच घेतलेले पैसे. कागदावर दोन्ही वजा होतात, म्हणून मॉडेल दोन्ही ‘कपात’ या एकाच रकान्यात बेरीज करून टाकते. मग अहवालात दिसते की जिनिंगने अवाच्या सवा पैसे कापले. दोघांना वेगळे रकाने आणि वेगळ्या व्याख्या दिल्या की हा घोळ टळतो.

सोडवलेले उदाहरण कसे असते?

एक काल्पनिक पट्टी घेऊ. भरलेली पिकअप २९-४५, रिकामी १७-४०, निव्वळ वजन ‘१२-५’, भाव ७,२०० रुपये. हमाली-तोलाई २६० रुपये, उचल २०,००० रुपये. चुकाऱ्याची तारीख लिहिलेलीच नाही. या फोटोसोबत मॉडेलला हे उत्तर दाखवायचे :

```json
{
  "seller": "शेतकरी अ",
  "buyer": "जिनिंग ब",
  "net_weight_as_written": "१२-५",
  "net_weight_qtl": 12.05,
  "rate_per_qtl": 7200,
  "gross_amount": 86760,
  "charges": 260,
  "advance": 20000,
  "net_payable": 66500,
  "payment_date": null
}
```

शेवटची ओळ पाहा. `null` म्हणजे कागदावर माहिती नाही. सगळे रकाने भरलेलीच उदाहरणे दिली, तर मॉडेल त्यावरून ‘काहीतरी भरायचेच’ असा धडा घेते आणि तारीख स्वतः रचते. म्हणून निदान एका उदाहरणात कोरा रकाना हवाच.

उदाहरणे एकाच जिनिंगची पाचसहा देण्यापेक्षा वेगवेगळ्या मांडणीची तीनचार द्यावीत : एक छापील, एक हाताने लिहिलेले, एक देवनागरी आकड्यांचे. देवनागरी ५ आणि इंग्रजी 4 हाताच्या लिखाणात एकमेकांसारखे दिसू शकतात, त्यामुळे शेवटचे उदाहरण वगळू नये. उदाहरणांतील नावे मुद्दाम ‘शेतकरी अ’ अशी ठेवावीत. नवा फोटो अस्पष्ट असला की मॉडेल कधीकधी उदाहरणातलेच नाव उत्तरात उतरवते. ‘शेतकरी अ’ उत्तरात दिसले की चूक लपत नाही.

गणित कुणी करायचे?

मॉडेलला ‘बेरीज जुळवून दे’ असे सांगू नये. ते आकडा बदलून हिशोब जुळवून देईल आणि मूळ चूक झाकली जाईल. त्याने फक्त कागदावरचे वाचावे. ताळा साध्या प्रोग्रॅमने किंवा एक्सेलने घ्यावा.

आपल्या पट्टीत २९.४५ वजा १७.४० म्हणजे १२.०५. गुणिले ७,२०० म्हणजे ८६,७६०. मॉडेलने वजन १२.५ वाचले असते तर गुणाकार ९०,००० आला असता, म्हणजे कागदावरच्या रकमेपेक्षा ३,२४० रुपये जास्त. असा फरक दिसला की ती पट्टी माणसाकडे जाते.

या ताळ्याची मर्यादाही आहे. विक्रेत्याच्या जागी जिनिंगचे नाव पडले तरी हिशोब तंतोतंत जुळतो. कागदावरच चुकीचे वजन लिहिले असेल आणि पुढचा गुणाकार त्यावरच केला असेल, तर तेही सुटते.

भरवसा कधी ठेवायचा?

त्यासाठी साधारण तीस पट्ट्या माणसाने वाचून बरोबर उत्तरे लिहून ठेवावीत. उदाहरणांत वापरलेल्या पट्ट्या यात नकोत. मग प्रत्येक फोटो मॉडेलला तीनदा द्यावा आणि प्रत्येक रकाना वेगळा तपासावा. तिन्ही उत्तरे वेगवेगळी आली तर बहुधा व्याख्या संदिग्ध आहे किंवा फोटो खराब आहे. तिन्ही वेळा तेच पण चुकीचे उत्तर आले तर व्याख्याच चुकीची आहे किंवा तशी मांडणी उदाहरणांत नाही. सातत्य आणि अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात येते.

व्याख्येत एक शब्द बदलला तरी तीसच्या तीस पट्ट्या पुन्हा तपासाव्यात. ‘उचल’ची व्याख्या सुधारताना हमालीचा रकाना बिघडू शकतो. आणि हंगामात नव्या जिनिंगची, नव्या नमुन्याची पट्टी आली, तर पहिल्या काही पट्ट्या माणसानेच वाचायच्या. शेतकऱ्याच्या खात्यावर जाणारा चुकारा याच आकड्यांवरून ठरणार असतो.