टाइलचा हिशेब पहिल्या टाइलपासून

पुण्यातल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटचं टाइलचं एस्टिमेट माझ्याकडे तपासायला आलं. कागद नीटनेटका होता. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, त्यांचा गुणाकार, खाली दहा टक्के वेस्टेज आणि शेवटी बॉक्सची संख्या. लहान बेडरूमसमोर लिहिलं होतं : १० बाय १२, १२० स्क्वेअर फूट, वेस्टेजसह १३२, नऊ बॉक्स. बेरजा-गुणाकारांत एकही चूक नव्हती. असे कागद मी जास्त काळजीने वाचते, कारण आकडेमोड बरोबर दिसली की पुढे कुणी काही विचारत नाही.

टाइल होती ६०० बाय ६०० मिलिमीटरची व्हिट्रिफाइड, बॉक्समध्ये चार नग. दुकानात हिला सर्रास 'दोन बाय दोन' म्हणतात आणि बॉक्स सोळा स्क्वेअर फुटांचा धरतात. पण दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. चार टाइल मिळून १.४४ चौरस मीटर भरतात, म्हणजे साडेपंधरा स्क्वेअर फूट. बॉक्सवर तसं छापलेलंही असतं. संपूर्ण फ्लॅटचे चाळीस बॉक्स धरले, तर कागदावर ६४० स्क्वेअर फूट माल येतो आणि प्रत्यक्षात ६२० उतरतो. वेस्टेज म्हणून धरलेल्या दहा टक्क्यांपैकी तीन टक्के पहिली टाइल कापण्याआधीच संपलेले असतात. म्हणून एस्टिमेट हातात आलं की मी आधी एका बॉक्सचं किती क्षेत्र धरलंय ते पाहते.

त्यानंतर टेप घेऊन साइटवर. नकाशातली मापं चालत नाहीत, प्लास्टर झाल्यावरची लागतात. भिंतीच्या दोन्ही टोकांना माप घ्यायचं आणि दोन्ही कर्ण ताणून पाहायचे. कर्णांत फरक आला तर खोली गुण्यात नाही. मग एका बाजूच्या पट्ट्या निमुळत्या कापाव्या लागतात आणि तिथे माल जास्त जातो. ही बेडरूम सुदैवाने गुण्यात होती : ३.०५ बाय ३.६६ मीटर.

टाइल बसवणारे मिस्त्री तिथेच होते. त्यांनी कागद पाहिलाही नाही. दारात उभे राहिले, समोरच्या भिंतीपर्यंत नजर टाकली आणि म्हणाले, "मॅडम, पहिली टाइल कुठून टाकायची ते सांगा. मग बॉक्स सांगतो."

सगळा हिशेब या प्रश्नापाशी येतो. क्षेत्रफळ भागिले टाइलचं क्षेत्रफळ केलं की ३१ टाइल येतात. पण टाइल ओळींनी बसते आणि भिंतीपाशी कापली जाते. दोन मिलिमीटरचा सांधा धरला, तर ३.०५ मीटरच्या रुंदीत पाच टाइल पूर्ण बसतात आणि चार सेंटिमीटर उरतात. ३.६६ च्या लांबीत सहा टाइल बसतात आणि साडेचार-पाच सेंटिमीटर उरतात. एका कोपऱ्यातून पूर्ण टाइलने सुरुवात केली, तर तीस टाइल अखंड लागतील आणि दोन भिंतींना बारीक पट्ट्या येतील. त्या सगळ्या पट्ट्या दोन टाइलमधून निघतात. एकूण बत्तीस. नऊ बॉक्स म्हणजे छत्तीस टाइल, तेव्हा कागद बरोबर ठरतो.

अशी मांडणी मात्र चांगला मिस्त्री करणार नाही. व्हिट्रिफाइड टाइलची चार सेंटिमीटरची लांब पट्टी कापताना तुटते. बसली तरी तिच्याखाली मसाला नीट दाबला जात नाही, आणि स्कर्टिंग लागल्यावर तिचा बोटभर भाग तेवढा डोळ्यांसमोर राहतो. म्हणून मिस्त्री सगळी मांडणी अर्ध्या टाइलने सरकवतात. मग रुंदीत मध्ये चार अखंड टाइल येतात आणि दोन्ही भिंतींना बत्तीस-बत्तीस सेंटिमीटरचे तुकडे. दिसायला सुरेख. पण साठातून बत्तीस कापले की उरतात जेमतेम अठ्ठावीस, आणि त्यातून दुसरा बत्तीसचा तुकडा निघत नाही. प्रत्येक काठाच्या तुकड्याला एक पूर्ण टाइल लागते. दोन्ही दिशांना असं केलं, तर सहा गुणिले सात, बेचाळीस टाइल. म्हणजे अकरा बॉक्स.

खोली तीच, टाइल तीच, फक्त पहिली टाइल सरकली आणि वेस्टेज पस्तीस टक्क्यांवर गेलं. दहा टक्के हा आकडा कुठल्याच मांडणीतून आलेला नाही, हे इथे लख्ख दिसतं. उरणारा तुकडा टाइलच्या अर्ध्याहून थोडा मोठा असेल, तर माल सर्वांत जास्त जातो. अर्ध्याहून थोडा लहान असेल, तर एका टाइलमधून दोन तुकडे निघतात आणि निम्मा खर्च वाचतो. एस्टिमेट तपासताना मी प्रत्येक खोलीत भागाकाराची बाकी पाहते, ती यासाठी. टक्केवारी त्या बाकीतून यायला हवी.

या बेडरूममध्ये मधला मार्ग निघाला. दारासमोरच्या १० फुटी भिंतीला पूर्ण रुंदीचं कपाट येणार होतं. लांबीच्या दिशेने दारापासून अखंड टाइल टाकत गेलो, तर ती बारीक पट्टी कपाटाखाली जाणार. ती कुणाला दिसणार नाही, तिच्यावर कुणी पाय देणार नाही. फक्त रुंदीत मांडणी मधोमध घ्यायची. म्हणजे सहा ओळी, प्रत्येकीत सहा टाइल, छत्तीस. कपाटाखालच्या पट्ट्यांना आणखी एक. सदतीस. दहा बॉक्स.

कागदावर स्कर्टिंग वेगळं धरलं होतं : खोलीचा घेर, गुणिले दहा सेंटिमीटर उंची, त्यावर पुन्हा वेस्टेज. हा दुहेरी हिशेब मला बहुतेक एस्टिमेटांत सापडतो. जमिनीच्या कटिंगमध्ये जे उरतं, त्यातूनच स्कर्टिंग निघू शकतं. आपल्याकडे अठ्ठावीस सेंटिमीटर रुंद आणि साठ लांब असे बारा तुकडे उरणार होते. रुंदी पाहता प्रत्येकातून दहाच्या दोन पट्ट्या निघतील असं वाटतं. पण स्कर्टिंगची वरची कड उघडी दिसते, आणि तिथे कारखान्याची गुळगुळीत कड हवी. कापलेली कड खरखरीत असते, चमकही नसते. उरलेल्या तुकड्याला अशी लांब कड एकच असते, म्हणून एका तुकड्यातून एकच चांगली पट्टी मिळते. बारा पट्ट्या, ७.२ मीटर. गरज किती? घेर १३.४२, त्यातून ९० सेंटिमीटरचं दार गेलं, कपाटाची भिंत गेली आणि कपाटाच्या दोन बाजूंचे साठ-साठ सेंटिमीटर गेले. राहिले सव्वाआठ मीटर. कमी पडणारं मीटरभर स्कर्टिंग एका अखंड टाइलच्या समोरासमोरच्या दोन कडांतून निघतं. सगळं मिळून अडतीस टाइल. दहा बॉक्समध्ये दोन शिल्लक. स्कर्टिंगची वेगळी ओळ मी खोडली आणि बेडरूमचा आकडा नऊवरून दहावर नेला.

हे जमायला एक अट आहे. कटिंगचे तुकडे जपले पाहिजेत. मिस्त्रींनी ते भिंतीला उभे लावून, कागद घालून ठेवायला हेल्परला सांगितलं. जिथे हे तुकडे गोणीत भरून डेब्रिसबरोबर खाली जातात, तिथे माझा हिशेब चालणार नाही, स्कर्टिंगला नवीन टाइलच धराव्या लागतील.

बाथरूमचा कागद वेगळ्या कारणाने थांबवावा लागला. १.२ बाय २.१ मीटरची जागा, २.१ मीटर उंचीपर्यंत डॅडो, ३०० बाय ६०० ची टाइल आडवी, बॉक्समध्ये पाच नग. एस्टिमेटमध्ये भिंतींचं क्षेत्रफळ १३.८६ चौरस मीटर, त्यातून ७५ सेंटिमीटरचं दार आणि ६० बाय ६० ची झरोक्याची खिडकी वजा, पाच टक्के वेस्टेज. सत्तर टाइल, चौदा बॉक्स.

खिडकीची वजावट जास्त झाली होती. ती १.८ मीटरवर सुरू होते आणि डॅडो २.१ ला संपतो. म्हणजे तिचा खालचा निम्माच भाग डॅडोत येतो, तेवढाच वजा व्हायला हवा. शिवाय तिच्या खालच्या आणि बाजूच्या आतल्या कडांना टाइलच्या पट्ट्या लागतात, त्या धरल्याच नव्हत्या. लहान खिडकीने जितकं वाचतं, त्यातलं बरंचसं ती या कडांतून परत घेते.

मग ओळी मोजल्या. उंचीत बरोबर सात ओळी. दाराच्या भिंतीवर पाऊण टाइल उरते, तिला एक अख्खी जाते. समोरच्या भिंतीला दोन. लांब भिंतींना साडेतीन-साडेतीन, दोन्ही अर्धे एकाच टाइलचे. एका ओळीला दहा टाइल. वरच्या ओळीत खिडकीमुळे एक वाचते आणि ती खिडकीच्या कडांना जाते. एकूण पुन्हा सत्तर. कागदाशी तंतोतंत जुळलं.

पण हा डॅडो तीन प्रकारच्या टाइलचा होता. खाली दोन ओळी गडद, मध्ये एक नक्षीची हायलायटर, वर चार फिक्या. गडद वीस म्हणजे चार बॉक्स. हायलायटर दहा म्हणजे दोन. फिक्या चाळीस म्हणजे आठ. तिन्ही प्रकारांत शेवटची टाइलसुद्धा भिंतीवर जाते, एकही शिल्लक राहत नाही. कागदावरचं पाच टक्के वेस्टेज वजावटीच्या चुकीत आणि कटिंगमध्ये विरून गेलं होतं. नळाच्या कॉकसाठी, मिक्सरसाठी भोकं पाडताना टाइल तडकते, हे रोजचं आहे. एक गडद टाइल फुटली, तर फिक्या रंगाची शिल्लक तिच्या कामाला येत नाही. म्हणून वेस्टेज रंगागणिक धरायचं. मी तिन्ही प्रकारांत एकेक बॉक्स वाढवला, चौदाचे सतरा केले.

घरमालकिणीने साहजिकच विचारलं, "अहो, पण कमी पडल्या तर नंतर आणता येतील ना?" आणता येतात, पण तोच लॉट मिळेल असं नाही. एकाच डिझाइनच्या दोन लॉटांत रंगछटेत किंचित फरक पडतो आणि मापातही मिलिमीटरभर पडू शकतो. ओलसर, धुळकट टाइलवर तो कळत नाही. ग्राउट भरून भिंत पुसली की ती एकच टाइल वेगळी दिसते. हायलायटर तर दुकानात फार काळ राहत नाहीत, डिझाइन बंद होतं.

माल उतरला तेव्हा मी प्रत्येक बॉक्सवरचा लॉट आणि शेड नंबर वाचून घेतला. बेडरूमच्या टाइलचे दोन बॉक्स वेगळ्या शेडचे निघाले. मिस्त्री म्हणाले, "हे परत पाठवा, नाहीतर काम चालू करत नाही." टेम्पो अजून खालीच उभा होता, बॉक्स त्यातच परत गेले.