गाडीचा हिशेब पेट्रोलपुरता नको

मुलगा-सून मुंबईत गाडी घेताहेत? मग ‘ॲव्हरेज किती देते?’ एवढंच विचारून थांबू नका.

समजा, सोसायटीत जागा नाही म्हणून महिना २००० रुपयांनी पार्किंग घेतलं आणि बाहेर गाडी लावायला महिन्याला १००० गेले. वर्षाचे झाले ३६,०००. महिन्यातून एकदा एक्सप्रेसवेने पुण्याला जाऊन-येऊन टोल ६४० धरला, तर वर्षाला ७,६८०. मुंबईच्या पाच नाक्यांवरचा प्रवेश-टोल मात्र ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफ आहे; तिथे शून्य लिहा. एकूण ४३,६८०. गाडी वर्षाला ८००० किलोमीटर धावली, तर किलोमीटरमागे साडेपाच रुपये, पेट्रोल वेगळंच!

यात एक गंमत आहे. गाडी कमी फिरवली की पेट्रोल वाचतं, घराजवळच्या पार्किंगचं भाडं मात्र तेवढंच राहतं. चार हजारच किलोमीटर फिरलात, तर त्या भाड्याचा भार किलोमीटरला तीनवरून सहा रुपयांवर जातो.

आणि फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्याचा, तिथे तो चालत नाही. म्हणून नेहमीचा रस्ता कुणाचा, ते आधी बघा, मगच पास घ्या.