उभ्या गाडीचे खोटे किलोमीटर

रात्रभर गोदामाबाहेर उभ्या असलेल्या ट्रकच्या जीपीएस नोंदीत सकाळी साडेतीन किलोमीटरचा प्रवास दिसू शकतो. जीपीएसने सांगितलेली जागा मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर इकडेतिकडे असते. इमारतींवर किंवा पत्र्याच्या शेडवर आपटून आलेले संकेत ही चूक आणखी वाढवतात. उपग्रह सरकतात तशी चूकही बदलत राहते आणि नकाशावरचा ठिपका उभ्या गाडीभोवती भटकतो.

ट्रक दहा तास उभा आहे आणि यंत्र दर तीस सेकंदांनी नोंद करते, असे धरू. नोंदी 1,200 होतात. प्रत्येक वेळी ठिपका सरासरी तीनच मीटर सरकला तरी बेरीज 3.6 किलोमीटर भरते, कारण अंतर मोजताना ठिपका पुढे गेला काय नि मागे आला काय, दोन्ही उड्या जमेलाच धरल्या जातात. नकाशावर अशा रात्रीचा गुंताडा लगेच ओळखू येतो: रेषा सगळ्या दिशांना जातात, पण पहिला आणि शेवटचा ठिपका जवळजवळ असतात.

वेग ताशी दोन-तीन किलोमीटरपेक्षा कमी असेल तर नोंद टाकून द्यायची, हा सोपा उपाय. यासाठी यंत्राने संकेतांच्या डॉप्लर बदलावरून काढलेला वेग वापरावा. दोन ठिपक्यांमधल्या अंतरावरून काढलेल्या वेगात ठिपक्यांची चूक जशीच्या तशी उतरते. मात्र एवढ्यावर भागत नाही. वाहतूक कोंडीत गाडी खरोखरच मुंगीच्या पावलांनी सरकते आणि तेही अंतर गळून जाते.

म्हणून थांबा ठरवणारी पद्धत बरी. इग्निशन बंद झाले आणि ठिपके काही मिनिटे एकाच परिसरात राहिले की त्यांच्या अक्षांश-रेखांशांचा मध्यक घेऊन थांब्याची जागा ठरवतात. पहिलाच ठिपका धरू नये, तो नेमका भरकटलेला असू शकतो. या जागेभोवती समजा 50 मीटरचे वर्तुळ आखतात आणि आतल्या हालचालीचे अंतर शून्य धरतात. एखादा ठिपका बाहेर उडाला तरी गाडी निघाली असे मानत नाहीत. लागोपाठ तीन ठिपके बाहेर, दर वेळी आणखी दूर पडले, तरच ती निघाली. मग अंतर थांब्याच्या जागेपासून मोजतात, नाहीतर सुरुवातीचे 50 मीटर बुडतात.

केवळ इग्निशनवर विसंबणे मात्र धोक्याचे. टो करून नेलेल्या गाडीचे इग्निशन बंदच असते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चढलेली मोटारही इंजिन बंद ठेवून खाडी ओलांडते. दोन्ही वेळा गाडीची जागा खरोखर बदलते, म्हणून वर्तुळाची कसोटी इग्निशन बंद असतानाही चालू ठेवतात. फेरीबोटीचे अंतर इंधनाच्या हिशेबात धरायचे नाही, पण गाडी कुठे आहे हे सांगायला ते लागतेच. त्यामुळे मूळ नोंदी पुसत नाहीत; प्रत्येकीपुढे ‘उभी’ किंवा ‘चालू’ एवढी खूण करतात आणि बेरजेत फक्त दुसऱ्या प्रकारच्या घेतात.