पाय टेकले, की पाठ टेकते

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक काय काय मागायला येतात, याची यादी केली तर ती मोठी गमतीची होईल. कोणी लग्नपत्रिकेचा मजकूर मागतो, कोणी सत्कारासाठी मानपत्र मागतो, कोणी नुसतेच बारशाला नाव सुचवायला सांगतो. गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी पनवेलच्या माझ्या घरी आला, तो मात्र खुर्चीसाठी घोषवाक्य मागायला. घरी बसून काम करणाऱ्यांना विकण्यासाठी त्याने खुर्च्यांचा छोटासा धंदा सुरू केला होता. हल्लीच्या भाषेत त्याला ‘स्टार्टअप’ म्हणतात.

“सर, एक ओळ हवी, आणि तिच्याखाली चार-पाच वाक्ये. बस्स!” तो म्हणाला.

“अरे, चार ओळींचेच काम अवघड,” मी म्हणालो. “तू काय लिहिले आहेस, ते आधी वाच.”

त्याने वाचले: ‘आपल्या आरोग्याची काळजी, आपल्या कामाला गती.’ मी त्याला म्हटले, “यातून खुर्ची काढ आणि गादी ठेव. बसते? मग चहा ठेव. तोही बसतो. जी ओळ गादीलाही चालते आणि चहालाही चालते, ती तुझ्या खुर्चीची नव्हे.” घोषवाक्य पारखायची एवढी एक कसोटी ज्याने लक्षात ठेवली, त्याची निम्मी मेहनत वाचते.

दुसरी ओळ त्याला फार आवडत होती: ‘पाठदुखीला कायमचा रामराम!’ ओळ ठसकेबाज खरी; पण ती औषधाची भाषा आहे, लाकूड-लोखंडाची नव्हे. पाठ दुखण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांतली पुष्कळशी खुर्चीच्या आवाक्याबाहेरची असतात. शिवाय कायद्याचीही बाजू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला पहिल्या खेपेलाच दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जो दावा करायचा त्याचा पुरावा हाताशी हवा. ‘कायमचा’ या शब्दाचा पुरावा कोण देणार?

तिसरी ओळ होती, ‘ही खुर्ची सोडवत नाही!’ यावर मला हसूच आले. मराठीत खुर्ची न सोडणारा माणूस म्हटला, की वाचकाच्या डोळ्यांसमोर आराम नव्हे, पुढारी उभा राहतो. आणि त्याहून मोठी चूक अशी, की तासन्‌तास न उठणे हेच तर पाठीच्या दुखण्याचे एक मूळ आहे. जाहिरातीने तेच शिकवायचे, म्हणजे छत्रीवाल्याने भिजण्याची शिफारस केल्यासारखे झाले.

मग मी त्याला म्हटले, “शब्द राहू देत. तुझी खुर्ची नेमकी काय करते, ते आपण पाहू.” नमुन्याची खुर्ची त्याने बरोबर आणलीच होती. आमच्या सौभाग्यवती आठवड्यातून तीन दिवस जेवणाच्या टेबलाशी बसून हिशेबाचे काम करतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे सुरू झाले आणि पनवेलहून मुंबईची सव्वा-दीड तासाची लोकल वाचते म्हणून पुढेही चालू राहिले. त्यांची उंची पाच फूट. शिवणाच्या डब्यातली टेप काढून आम्ही मापे घ्यायला बसलो.

जमिनीपासून त्यांच्या गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतचे अंतर भरले १५ इंच. म्हणजे पाय सपाट टेकायचे तर बैठक १५ इंचांवर हवी. बसल्यावर बैठकीपासून कोपर साडेआठ इंच वर येते. दोन्हींची बेरीज साडेतेवीस. आणि टेबलाची उंची? ३० इंच! म्हणजे पाय टेकवून बसावे तर टेबल कोपराच्या साडेसहा इंच वर राहते. हात वर उचलावे लागतात, खांदे कानांकडे चढतात आणि संध्याकाळी मान आखडते. टेबलाला जुळावे म्हणून बैठक २१ इंचांवर न्यावी, तर पाय सहा इंच अधांतरी लोंबकळतात.

पाय लोंबकळले की काय होते, ते मी तिथेच पाहिले. माणसाला जमीन हवी असते. दहा मिनिटांत सौभाग्यवती नकळत बैठकीच्या कडेला सरकल्या, पायांची बोटे जमिनीला लागली आणि पाठ मागच्या टेक्यापासून चांगली वीतभर सुटली. टेका होता, कमरेच्या जागी त्याला फुगवटाही होता. पण त्याला टेकायला पाठच नव्हती! बैठक लांब असली तरी हेच होते. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची खळगी यांत दोन-तीन बोटे जागा उरायला हवी. ती उरली नाही, तर कड पायात रुतते आणि माणूस पुढे सरकतो.

“अहो, म्हणजे पाय टेकले तरच पाठ टेकणार,” सौभाग्यवती सहज म्हणाल्या. मी विद्यार्थ्याकडे पाहिले. “घे तुझे घोषवाक्य!”

पण ओळ सापडली म्हणून काम संपले नव्हते. ती खरी करायची होती. त्याची बैठक १७ ते २१ इंचांपर्यंत वर-खाली होई. एकट्या खुर्चीने हे कोडे सुटणारे नव्हते. मी पायाखाली देव्हाऱ्याजवळचा चौरंग ओढला, तर आईने असे डोळे वटारले, की तो तत्काळ परत गेला. अखेर सहा इंचांचा तिरका लाकडी ठोकळा खुर्चीबरोबरच द्यायचा, असे ठरले. जाहिरातीच्या एका ओळीने मालात भर घातली, ती अशी.

उंचीची मर्यादाही सांगायला हवी, असा मी आग्रह धरला. अमेरिकेच्या हर्मन मिलर कंपनीने १९९४ साली ‘एरॉन’ नावाची प्रसिद्ध खुर्ची आणली, ती चपलांसारखी तीन मापांत. सर्वांना एकच खुर्ची बसत नाही, हे तिथेच मान्य झाले होते. आमच्या गड्याचे माप एकच. मग ते कोणाचे नाही, हेही लिहिणे आले. “गिऱ्हाईक जाईल ना, सर!” तो कुरकुरला. मी म्हणालो, “ते जाईलच. आता गेले तर नुसते जाईल. महिन्याभराने गेले तर खुर्ची परत करून जाईल.”

‘एर्गोनॉमिक’ हा शब्द घोषवाक्यात नको, असे मी सांगितले. कारण तो ऐकून चित्र उभे राहत नाही. पण खुर्ची शोधणारे लोक तोच शब्द वापरतात, म्हणून वर्णनात तो एकदा ठेवला. शेवटी मजकूर ठरला तो असा:

‘पाय टेकले, की पाठ टेकते.

घरच्या जेवणाच्या टेबलाशी काम करणाऱ्यांसाठी एर्गोनॉमिक खुर्ची. बैठक १७ ते २१ इंचांपर्यंत वर-खाली होते आणि दोन इंच मागे-पुढे सरकते. पाठीचा टेका आपल्या कमरेच्या उंचीला लावता येतो. पाय अधांतरी राहू नयेत म्हणून सहा इंचांचा लाकडी ठोकळा सोबत. उंची पाच ते पावणेसहा फूट असणाऱ्यांसाठी. त्याहून उंच असाल, तर ही घेऊ नका. पाठ आधीच दुखत असेल, तर प्रथम डॉक्टरांना दाखवा. आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चाला. खुर्ची कुठे जात नाही.’

शेवटचे वाक्य मात्र माझे नव्हे. ते त्याने स्वतः लिहिले. वर्गात निबंधाला त्याला मी कधी दहापैकी पाचांच्या वर गुण दिले नव्हते. त्या दिवशी आठ दिले.