सिकलसेल असलेली मुले: कळा, ताप, पाणी आणि फॉलिक ॲसिड

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच मूल आजारी असते. एकाकडूनच आले तर ते वाहक, म्हणजे तपासणीच्या भाषेत 'एएस'. आजारी मूल 'एसएस'. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट आणि नंदुरबार या पट्ट्यात हा आजार बराच आढळतो. सहवासाने, उष्ट्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो होत नाही. या मुलांच्या लाल पेशींतले हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते. त्यामुळे मऊ, गोल पेशी ताठर आणि विळ्याच्या आकाराची होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि लवकर फुटते. पुढचे बहुतेक प्रश्न या अडकण्यातून आणि फुटण्यातून उभे राहतात.

जन्मानंतरचे काही महिने बाळ ठणठणीत दिसते, कारण गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन तेव्हा रक्तात भरपूर असते आणि ते तंतू बनू देत नाही. साधारण सहाव्या महिन्यानंतर ते ओसरते. पुष्कळदा पहिली खूण म्हणजे बाळाच्या दोन्ही हातांचे पंजे किंवा पावले फुगतात आणि हात लावताच ते किंचाळते. घरात याला मुका मार, वात किंवा दृष्ट समजले जाते आणि सुजेवर जोरजोरात तेल चोळले जाते. खरे तर बोटांच्या हाडांचा रक्तपुरवठा अडलेला असतो. चोळण्याने तो मोकळा होत नाही, बाळाचे हाल मात्र वाढतात.

मोठ्या मुलांत कळा हातपाय, पाठ, छाती किंवा पोटात येतात. शाळा चुकवण्यासाठी मूल सोंग करते, हा सर्वांत क्रूर गैरसमज आहे. कळ सिद्ध करणारी कोणतीही रक्ततपासणी किंवा एक्स-रे नाही. हिमोग्लोबिन नेहमीइतकेच असू शकते, अंगावर सूजही नसते. म्हणून मुलाचे सांगणे हेच मोजमाप धरायचे. बर्फ लावू नये, कारण थंडीने रक्तवाहिन्या आणखी आकुंचन पावतात. कोमट शेक चालतो. सौम्य कळेसाठी पॅरासिटामॉल वजनावर ठरते: दर किलोला १५ मिलीग्रॅम, म्हणजे १८ किलोच्या मुलाला एका वेळी सुमारे २७० मिलीग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचे अंतर ठेवून. त्याने भागले नाही, तर रुग्णालयात अधिक प्रभावी वेदनाशामक मिळायलाच हवे. कळेबरोबर छातीत दुखणे, धाप, एका बाजूची कमजोरी, अचानक पांढरेफटक पडणे किंवा पोटाच्या डाव्या बाजूला वाढणारा फुगवटा दिसला, तर घरी वाट पाहण्यात अर्थ नाही. या फुगवट्यात प्लीहेत रक्त साठत जाते आणि काही तासांत मूल दगावू शकते. जमैकात आयांना मुलाच्या पोटावर हात ठेवून प्लीहा चाचपायला शिकवले, तेव्हा असे मृत्यू कमी झाले. हे कौशल्य कोणत्याही उपकेंद्रावर शिकवता येण्याजोगे आहे.

पाण्याबाबतचा गोंधळ अंथरुणातून सुरू होतो. सिकलसेलचे मूल रात्री वारंवार अंथरूण ओले करते, म्हणून संध्याकाळनंतर त्याचे पाणी तोडले जाते. पण याचे मूळ मूत्रपिंडात आहे. विळ्याच्या पेशींमुळे त्याचा आतला भाग दुखावतो आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवण्याची त्याची क्षमता जाते. मूल पाणी प्यायले नाही तरी लघवी होतच राहते. शरीर कोरडे पडले की लाल पेशीतलेही पाणी कमी होते, हिमोग्लोबिन दाटते आणि तंतू अधिक वेगाने बनतात. म्हणजे अंथरूण कोरडे ठेवण्याच्या प्रयत्नात कळेला आमंत्रण मिळते. पाणी चालू ठेवून रात्री एकदा उठवणे हा योग्य मार्ग.

किती पाणी, याचा साधा हिशेब आहे: पहिल्या १० किलो वजनाला दर किलोला १०० मिलिलिटर, पुढच्या १० किलोला दर किलोला ५०. सहा वर्षांच्या, १८ किलोच्या मुलासाठी हे १००० अधिक ४००, म्हणजे दिवसाला १४०० मिलिलिटर होते. २०० मिलिलिटरचे सात पेले, आणि त्यात दूध, ताक, पेज, पातळ वरण सगळे धरावे. उन्हाळा, ताप, जुलाब किंवा खेळाचा दिवस असेल तर यापेक्षा जास्त. शाळेत बाटली जवळ ठेवण्याची आणि लघवीला जाण्याची मुभा यासाठीच लागते. इथे एक नेहमीचा निकष फसतो: एरवी लघवी फिकट असली की पाणी पुरेसे, असे मानतात. या मुलांची लघवी शरीर कोरडे असतानाही फिकट राहू शकते. त्यामुळे कोरडी जीभ, रडताना न येणारे अश्रू आणि प्यायलेले पेले यांकडे पाहावे. उलट, सलाईनची बाटली चढवली की कळ जातेच, हेही खरे नाही. गरजेपेक्षा जास्त सलाईनने फुप्फुसांत पाणी साठू शकते. तोंडाने पिता येत असेल तर तेच बरे.

फॉलिक ॲसिडच्या छोट्या गोळीकडून फार अपेक्षा ठेवल्या जातात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, सिकलसेलची १० ते २० दिवस. तूट भरून काढायला अस्थिमज्जा अखंड नव्या पेशी घडवते आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड खर्ची पडते. ते कमी पडू नये म्हणून गोळी देतात. तिने पेशीचा आकार बदलत नाही, कळा थांबत नाहीत. जमैकातील मुलांवरील १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तातले फॉलिक ॲसिड वाढले, हिमोग्लोबिन मात्र वाढले नाही. कळा कमी करणारे औषध हायड्रॉक्सियुरिया आहे. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासत घ्यावे लागते. फॉलिक ॲसिड चालू आहे म्हणून ते टाळणे ही मोठी चूक ठरते. शाळेत मिळणारी गुलाबी किंवा निळी गोळीही वेगळी: तिच्यात लोह असते. सिकलसेलचा पांडुरोग लोहाच्या कमतरतेने झालेला नसतो, पेशी फुटल्या की त्यातले लोह शरीरातच राहते आणि वारंवार रक्त चढवलेल्या मुलात ते साठतही जाते. म्हणून तपासणीत कमतरता दिसली तरच लोह द्यावे.

तापाच्या बाबतीत उशीर सर्वांत महाग पडतो. रक्तातले जंतू गाळणारी प्लीहा या मुलांत लहानपणीच निकामी होऊ लागते. मग न्यूमोकोकससारखा जंतू एका दिवसात जीवघेणा ठरू शकतो. ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०१ फॅरनहाइट ताप आला की त्याच दिवशी, त्याच वेळी रुग्णालय गाठावे. पॅरासिटामॉलने ताप उतरला तरी धोका टळलेला नसतो. प्रतिबंधासाठी पाच वर्षांपर्यंत रोज दोनदा पेनिसिलिन देतात: तीन वर्षांखाली १२५, नंतर २५० मिलीग्रॅम. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यामुळे न्यूमोकोकसचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले होते. मूल बरे दिसते म्हणून हा डोस सोडला जातो, आणि त्याचा उपयोग नेमका बरे दिसण्याच्या काळातच असतो. नियमित लसीकरणातील न्यूमोकोकल लशीशिवाय दोन वर्षांनंतर त्याच जंतूची आणखी एक व्यापक लस लागते.

सिकलसेल असला की मलेरिया होत नाही, हा समज गडचिरोलीसारख्या भागात घातक आहे. तीव्र मलेरियापासून अंशतः संरक्षण वाहकाला मिळते. एसएस मुलाला मलेरिया झाला, तर आधीच कमी असलेले रक्त झपाट्याने घसरते. त्याच्यासाठी मच्छरदाणी आणि तापात तातडीची रक्ततपासणी इतरांपेक्षाही निकडीची आहे.