निवाड्यातील बंधनकारक काय?

राज्यघटनेच्या अनुच्छेद 141 नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील इतर सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. परंतु निवाड्यातील प्रत्येक वाक्य म्हणजे असा कायदा नव्हे. वादातील वस्तुस्थितीला लावल्यामुळे ज्या विधितत्त्वावर निकाल उभा राहतो, ते तत्त्व म्हणजे रेशिओ डेसिडेंडी, आणि निकालाला आवश्यक नसलेले, ओघात आलेले विधान म्हणजे ऑबिटर डिक्टा होय.

‘दिल्ली महानगरपालिका विरुद्ध गुरनाम कौर’ (1988) या खटल्यात हा भेद निर्णायक ठरला. दिल्लीतील एका रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ पदपथावर बसणाऱ्या विक्रेतीला महापालिकेने तेथेच स्टॉल बांधून द्यावा, असा आदेश उच्च न्यायालयाने दिला होता, कारण तशाच एका जुन्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आपल्यावर बंधनकारक आहे, असे त्याने मानले. तो आदेश मात्र पक्षकारांच्या संमतीने, युक्तिवाद न होता आणि संबंधित कलमांचा विचार न करता दिलेला होता. त्यात तत्त्वच नसल्याने तो पूर्वनिर्णय ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. निवाडा वाचताना म्हणूनच कोणता मुद्दा खरोखर वादात होता, हे आधी पाहावे लागते.

उच्च न्यायालयाचे तत्त्व त्याच्या अधिकारक्षेत्रातील कनिष्ठ न्यायालयांनाच बांधते. त्यामुळे दिल्ली उच्च न्यायालयाचा निवाडा साकेतच्या जिल्हा न्यायालयावर बंधनकारक असला, तरी गुरुग्राम किंवा नोएडाच्या न्यायालयात तो केवळ मार्गदर्शक ठरतो, कारण ती शहरे अनुक्रमे पंजाब व हरियाणा आणि अलाहाबाद उच्च न्यायालयांच्या कक्षेत येतात.