बर्फाच्या मशीनची दोन वेळा धुलाई

हॉटेलातल्या सरबताला ओल्या फडक्यासारखा वास आला, की दोष लिंबाला किंवा पाण्याला दिला जातो. बर्फाकडे कुणाचं लक्ष जात नाही. गोठवल्याने जंतू मरतात, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात थंडीत ते फक्त थिजून राहतात आणि बर्फ विरघळला की पुन्हा जागे होतात.

बर्फाच्या मशीनमध्ये थंड पत्र्यावरून पाणी सतत वाहत असतं. त्यातलं शुद्ध पाणी आधी गोठतं आणि क्षार मागे राहतात. बोअरिंगच्या जड पाण्यात ते जास्त असतात. त्यांचा पांढरट, खरखरीत थर पत्र्यावर चढला की खडे गढूळ होतात आणि पत्र्यापासून लवकर सुटत नाहीत. मशीनला कोळशाचा फिल्टर जोडला असेल, तर तो पाण्यातलं क्लोरीन काढून घेतो. चव सुधारते, पण पुढे जंतूंना रोखणारं काही उरत नाही. मग दमट कोपऱ्यांत गुलाबी किंवा काळा बुळबुळीत थर धरतो. बर्फ साठवण्याच्या पेटीच्या वरच्या कडेवरून, आतल्या बाजूने, पांढरा टिश्यू फिरवून बघा. तो बुळबुळीत निघाला, तर वासाचं मूळ तिथंच आहे.

सफाईत नेमकी चूक होते ती इथं. क्षार काढणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही. आधी सगळा बर्फ फेकून द्यायचा. मग मशीनसाठीचं सौम्य आम्लाचं द्रावण फिरवायचं, सुटणारे भाग काढून मऊ ब्रशने घासायचे आणि स्वच्छ पाण्याने खळखळून धुवायचं. त्यानंतरच जंतुनाशक. क्षारांच्या थराखाली ते पोहोचत नाही आणि घाणीवर पडलं तर त्याचा जोर तिथंच संपतो. घरगुती, बिनसुगंधी ५ टक्क्यांचं ब्लीच वापरायचं झाल्यास १० लिटर पाण्यात साधारण ४० मिली पुरतं. मात्र मशीनच्या पुस्तिकेत वेगळं औषध किंवा प्रमाण दिलं असेल, तर तेच पाळायचं. आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. मधली धुलाई म्हणूनच टाळायची नाही. सगळं झाल्यावर निघालेला पहिला बर्फही टाकून द्यायचा.

ही मोठी सफाई निदान सहा महिन्यांनी हवी. पाणी जड असेल, किंवा शेजारी पिठाची भट्टी असेल, तर त्याहून लवकर, कारण हवेतलं यीस्ट मशीनमध्ये शिरतं. सोडा मशीनच्या तोट्या मात्र रोज रात्री काढून धुवाव्या लागतात. गोड सिरप त्यांच्या टोकाशी चिकटून राहतं आणि त्यावर बुरशी झपाट्याने वाढते.

आपल्या नेहमीच्या हॉटेलात बर्फाचा खडा हाताने किंवा ग्लासानेच उचलताना दिसला, तर मालकाच्या कानावर घाला आणि मशीन शेवटचं कधी धुतलं, हेही विचारा.